ताळा जुळला, तरी दोन मिलिग्रॅमचा हिशेब लागेना: अस्थिरोग वॉर्डातलं मॉर्फिनचं एक प्रकरण

बेळगावातल्या एका रुग्णालयाच्या फार्मसीत मी काम करते. वॉर्डात ठेवलेल्या मॉर्फिन आणि फेंटानिलच्या साठ्याची आठवड्याची पडताळणी माझ्याकडे असते. खालची घटना त्याच पडताळणीत सापडली. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे आणि कर्मचाऱ्यांचे काही तपशील बदलले आहेत. औषधाचे आकडे आणि वेळांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्या आकड्यांवरच उभं आहे.

रुग्ण खानापूर तालुक्यातले शेतकरी. वय ६८, वजन ५२ किलो. ओल्या बांधावरून पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी पाठीत इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया झाली आणि साडेदहाच्या सुमारास कमरेखालची बधिरता उतरायला लागली. मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिॲटिनिन थोडं वाढलेलं होतं, म्हणून डायक्लोफिनॅक गटातली वेदनाशामकं भूलतज्ज्ञांनी टाळली होती. पॅरासिटॅमॉल शिरेतून दिलं, तरी कळ थांबेना. "सिस्टर, लई दुखूलालंय," एवढंच ते म्हणत होते. शून्य ते दहाचा अंक विचारला तर त्यांना सांगता येईना. तेव्हा रात्रीच्या सिस्टरनी विचारलं, "मामा, सोळा आण्यांतलं किती दुखतंय?" लगेच उत्तर आलं, "बारा आणे तर हायच की." सिस्टरनी केसपेपरवर १० पैकी ८ लिहिलं. आमच्याकडच्या वयस्क लोकांना हा हिशेब चटकन कळतो. दर वेळी तोच प्रश्न विचारला तर आधीच्या उत्तराशी तुलनाही नीट करता येते.

भूलतज्ज्ञांचा आदेश स्पष्ट होता: मॉर्फिन २ मिलिग्रॅम शिरेतून सावकाश; गरज पडल्यास दहा मिनिटांनी पुन्हा; एकूण ६ मिलिग्रॅमपर्यंत; गुंगी आली किंवा श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला तर थांबवून कळवा. मूत्रपिंड मंद असलेल्या वयस्क माणसाच्या बाबतीत एवढी सावधगिरी लागतेच. मॉर्फिन यकृतात बदलतं, त्यातून तयार होणारा एक पदार्थ स्वतःही वेदना आणि श्वास दाबतो, आणि तो बाहेर पडतो तो लघवीवाटेच. मूत्रपिंड कमी चाललं की तो साठत जातो. म्हणून थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं, मग पुन्हा द्यायचं.

वॉर्डात त्या दिवशी १ मिलीत १५ मिलिग्रॅमची अँप्युल होती. १० मिलिग्रॅमचीही मिळते, पण तिचा साठा संपला होता. म्हणजे आदेशातली कमाल मर्यादा गाठली तरी ९ मिलिग्रॅम उरणारच होतं. हा उरलेला भाग कुठे गेला, हा या प्रकरणातला एकमेव प्रश्न.

रात्री काय घडलं

११.४० ला सिस्टरनी दुहेरी कुलपाच्या कपाटातून एक अँप्युल काढली. कपाटात सात होत्या, सहा राहिल्या. अँप्युल फोडून १४ मिली सलाईनमध्ये मिसळली, त्यामुळे सिरिंजमध्ये १५ मिली द्रावण झालं आणि प्रत्येक मिलीत १ मिलिग्रॅम मॉर्फिन आलं. ही पद्धत चांगली आहे, कारण मिली आणि मिलिग्रॅम एकच आकडा होतो आणि हिशेबात चुकायला जागा राहत नाही.

कपाट उघडं असतानाच त्यांनी रजिस्टरमधली पूर्ण ओळ भरून टाकली. रुग्णाचं नाव, आयपी नंबर, काढलेली अँप्युल १, दिलेलं ६ मिलिग्रॅम, टाकून दिलेलं ९ मिलिग्रॅम, शिल्लक ६ अँप्युल, स्वतःची सही. साक्षीदाराचा रकाना तेवढा रिकामा. त्या वेळी रुग्णाला एक थेंबही दिलेला नव्हता.

११.५२ ला पहिले २ मिलिग्रॅम गेले. १२.०३ ला दुसरे २. दोन्ही नोंदी ड्रग चार्टवर वेळेसह, सहीसह आहेत. १२.१४ ला तिसऱ्या डोससाठी त्या पलंगापाशी गेल्या तेव्हा मामांचा डोळा लागलेला होता. हाक मारली की जागे होत होते, श्वास मिनिटाला १२. सिस्टरनी तिसरा डोस दिला नाही, आणि हा निर्णय अगदी बरोबर होता. मॉर्फिनमध्ये श्वास मंदावण्याआधी सहसा गुंगी वाढते, आणि ती जिला दिसते ती नर्स मॉर्फिनवरचा उतारा असलेल्या नॅलोक्सोनची वेळ येऊ देत नाही. चार्टवर त्यांनी लिहिलं: एकूण ४ मिलिग्रॅम, तिसरा डोस दिला नाही, झोपेत, हाकेला उत्तर.

सिरिंजमध्ये आता ११ मिली राहिलं होतं. तेवढ्यात समोरच्या कोपऱ्यातल्या रुग्णाला रक्ताची उलटी झाली. सिस्टर तिकडे धावल्या. सिरिंज किडनी ट्रेमध्ये, झाकण लावून, पण लेबलशिवाय राहिली. एकच्या सुमारास त्यांनी ती एकट्यानेच सिंकमध्ये रिकामी केली आणि उलटी झालेल्या रुग्णाला घेऊन अतिदक्षता विभागात गेल्या. वॉर्ड सांभाळायला शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टर आल्या.

५.४० ला मामांची कळ पुन्हा उसळली. सुनेने सांभाळायला आलेल्या सिस्टरना उठवलं. "अक्का, जरा बघा की, झोपंनात ओ." सिस्टरनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. रात्री मॉर्फिन किती दिलं, असं त्यांनी विचारलं. मामांची फाइल दुसऱ्या फाइलींच्या खाली गेली होती आणि टेबलावर रजिस्टर उघडं होतं. त्यात ६ लिहिलेलं होतं. तेच त्यांनी सांगितलं. डॉक्टरांना वाटलं, सहा मिलिग्रॅमवर माणूस झोपला होता, क्रिॲटिनिन वाढलेलं आहे, तेव्हा आता आणखी मॉर्फिन नको. पॅरासिटॅमॉल द्या, राउंडला बघू. राउंड साडेआठला झाला. तोवर जवळजवळ तीन तास मामा कण्हत होते, आणि त्या सकाळी त्यांना उठवून बसवायचं फिजिओथेरपिस्टचं काम दुपारवर गेलं. नंतर मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "चार मिलिग्रॅम कळलं असतं तर दोन आणखी द्यायला मी कचरलो नसतो."

सकाळी सहाला पुढच्या पाळीला ओव्हर देण्याच्या आधी रात्रीच्या सिस्टर परत आल्या. साक्षीदाराचा रकाना रिकामा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरनी तिथे सही केली. सिरिंज रिकामी झाल्याला तेव्हा पाच तास झाले होते, आणि त्यांनी ती पाहिलीच नव्हती.

शुक्रवारी काय दिसलं

रजिस्टर घेऊन बसलं की पहिल्यांदा कुलूपबंद अँप्युल मोजल्या जातात. त्या सहा होत्या आणि नोंदही सहाची होती. रिकामी अँप्युल परत आलेली होती, बॅच नंबर जुळत होता. ओळीतली बेरीज ६ अधिक ९ म्हणजे १५, तीही बरोबर. दोन सह्या होत्या. फक्त रजिस्टर पाहणाऱ्याला या ओळीत काहीच खोट दिसली नसती.

मी रजिस्टरसोबत ड्रग चार्टही घेते. चार्टवर ४. मग १५ मधून ४ गेले तर ११ टाकायला हवं होतं आणि रजिस्टरमध्ये ९ आहे. रजिस्टर खरं धरलं तर रुग्णाला ६ मिळायला हवं होतं आणि चार्टवर दोनच डोसांच्या सह्या आहेत. दोन मिलिग्रॅम एका कागदावर रुग्णाच्या शरीरात आहेत आणि दुसऱ्या कागदावर नाहीत.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपला कायदेशीर साठा-हिशेब अँप्युलच्या संख्येवर चालतो. अमली औषधी द्रव्य कायदा १९८५ चा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक अमली औषधं म्हणून वेगळी काढली गेली. २०१५ च्या नियमांनी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्यासाठी राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एकच परवानगी पुरेशी झाली. त्याआधी निरनिराळ्या परवान्यांचा जो खेळ असायचा, त्यामुळे सीमाभागातल्या कितीतरी छोट्या रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं होतं. या परवानगीबरोबर किती आलं, किती वापरलं, किती शिल्लक हे रोज लिहिण्याची जबाबदारी येते. पण अँप्युल एकदा फुटली की साठ्याच्या दृष्टीने ती संपली. तिच्यातलं चार मिलिग्रॅम रुग्णाला मिळालं की चौदा, याने शिल्लक आकडा बदलत नाही. म्हणून वरून कितीही बारकाईने तपासणी झाली तरी फुटलेल्या अँप्युलच्या आत काय झालं ते तिथे उमटत नाही. ते उमटतं फक्त वॉर्डात, ड्रग चार्ट, रजिस्टर आणि साक्षीदाराचे डोळे एकत्र आले तर.

तीन शक्यता आणि त्या कशा तपासल्या

पहिली शक्यता, मोजमापातला फरक. अँप्युलमध्ये लेबलवर लिहिलेल्या मापापेक्षा थोडं जास्त द्रव भरलेलं असतं, म्हणजे शेवटचा थेंब ओढता आला नाही तरी पूर्ण डोस मिळावा. १ मिलीच्या अँप्युलमध्ये साधारण ०.१ मिली जास्त निघू शकतं. १५ मिलिग्रॅमच्या अँप्युलमध्ये त्याचे दीड मिलिग्रॅम होतात. हा जास्तीचा भाग कोणीही हिशेबात धरत नाही, म्हणून चोरी करणाऱ्याला तो सोयीचा असतो आणि प्रामाणिक माणसाला गोंधळात टाकतो. पण इथे फरक चार्ट आणि रजिस्टर यांच्यात आहे. सिरिंजच्या तोंडाशी अडकणारं द्रव किंवा भरतीतलं जास्तीचं द्रव यांमुळे चार्टवरच्या ४ चे रजिस्टरात ६ होत नाहीत. ही शक्यता बाजूला ठेवली.

दुसरी शक्यता, तिसरा डोस प्रत्यक्षात दिला गेला पण चार्टवर लिहायचा राहिला. ही तपासायला मामांचं निरीक्षण उपयोगी पडलं. १२.१४ ला श्वास १२, १२.३० ला १४, एक वाजता १४, दोन वाजता पुन्हा १४ आणि हाक मारली की पूर्ण जाग. या नोंदी त्याच सिस्टरच्या आणि शेजारच्या सिस्टरच्या, दोन निरनिराळ्या हातांच्या होत्या. सुनेनेही सांगितलं की दोनदाच सलाईनमधून सुई टोचली, तिसऱ्या वेळी सिस्टर आल्या, बघितलं आणि परत गेल्या. नातेवाइकांच्या आठवणीवर मी सहसा भिस्त ठेवत नाही. पण इथे ती चार्टशी जुळत होती.

तिसरी शक्यता बोलायला सगळ्यांनाच जड जातं: उरलेलं औषध कुणी घेतलं असेल का? हे टाळून चौकशी पूर्ण होत नाही. सिस्टरवर संशय आहे म्हणून नाही, तर ही शक्यता तपासून कागदावर बंद केली नाही तर कुजबूज त्यांना आयुष्यभर सोडत नाही. त्यासाठी मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या. बघायच्या गोष्टी मोजक्याच. एकाच व्यक्तीच्या पाळीत उरलेल्या औषधाचं प्रमाण इतरांपेक्षा सतत जास्त आहे का? छोटी अँप्युल हाताशी असताना मोठी फोडली जाते का? देणारी आणि साक्षीदार ही तीच जोडी पुन्हा पुन्हा येते का? आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे, चार्टवर पूर्ण डोस लिहिलेला असूनही रुग्णाचा वेदनेचा अंक खाली येत नाही, असं एका पाळीत वारंवार घडतं का? मॉर्फिन आणि सलाईन दोन्ही पाण्यासारखे रंगहीन. सिरिंज पाहून कुणालाही फरक कळत नाही, पण रुग्णाच्या शरीराला कळतो.

यातलं काहीच या सिस्टरच्या बाबतीत दिसलं नाही. वेगळीच गोष्ट दिसली. सगळ्या पाळ्यांत, सगळ्यांच्याच ओळी कपाट उघडतानाच पूर्ण भरलेल्या होत्या. शाई एक, हस्ताक्षराचा वेग एक, दिलेल्या डोसचा आकडा नेहमी आदेशातल्या कमाल मर्यादेएवढा. चार्टशी ताडून पाहिल्यावर आणखी काही ओळींमध्ये असाच फरक सापडला, बहुतेक एक-दोन मिलिग्रॅमचा.

असं का होतं

रात्रीच्या सिस्टर निपाणीकडच्या, अनुभवी, मनाने सरळ. त्यांच्याशी मी आणि मेट्रन बसलो तेव्हा त्या पहिलं वाक्य म्हणाल्या, "मॅडम, रजिस्टरात बेरीज चुकली तर पोलीस येतील असं आम्हांला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." या वाक्यात सगळी उकल आहे. अमली औषधांच्या कायद्याची भीती वॉर्डात इतकी खोल गेली आहे की रजिस्टर हे घडलेलं लिहिण्याचं पुस्तक न राहता बेरीज जुळवण्याचं पुस्तक झालं आहे. बेरीज जुळवायचा सोपा मार्ग म्हणजे आधीच जुळवून लिहून ठेवायची. मग प्रत्यक्षात काय उरलं हे बघायची गरजच उरत नाही. साक्षीदाराची सहीही बेरीज पूर्ण करायला लागते, म्हणून ती सकाळी घेतली तरी चालते.

मला याची चीड येते, आणि ती सिस्टरवर नाही. भीती दाखवून आपण त्यांना नीटनेटकी खोटी नोंद करायला शिकवलं आणि त्या खोट्या नोंदीवर विसंबून एका म्हाताऱ्या माणसाला तीन तास वेदनेत ठेवलं.

चौकशीचा निष्कर्ष आणि दुरुस्ती कशी लिहिली

निष्कर्षात आम्ही लिहिलं: रुग्णाला ४ मिलिग्रॅम दिलं गेलं. उरलेलं ११ मिलिग्रॅम साक्षीदाराशिवाय सिंकमध्ये टाकलं गेलं, असं देणाऱ्या परिचारिकेचं निवेदन आहे. प्रत्यक्ष किती टाकलं याची स्वतंत्र खात्री करता येत नाही. सिरिंज गेली, द्रव गेलं, ते आता कुठल्याही तपासणीने परत कळणार नाही. "११ मिलिग्रॅम टाकलं" असं ठामपणे लिहायचा मोह होत होता, पण तसं लिहिणं म्हणजे पुन्हा तेच जुळवून लिहिणं झालं असतं.

रजिस्टरमधल्या जुन्या ओळीवर पांढरी शाई लावली नाही, आकडा गिरवला नाही, पान फाडलं नाही. ६ आणि ९ वर एकच सरळ रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी ४, आणि टाकलेल्या रकान्यात "११, साक्षीदाराशिवाय, अहवाल पाहा". दुरुस्तीची तारीख, वेळ, सही. साक्षीदाराच्या सहीवरही रेघ मारून "प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं" अशी शेजारच्या सिस्टरनी स्वतः नोंद केली. त्यांना ते लिहिताना अवघड वाटत होतं. तरी लिहिलं, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

आता उरलेला डोस कसा टाकला जातो

नियम पहिल्यापासून होता, साक्षीदार हवा असा. त्यात दोन गोष्टी नव्हत्या: साक्षीदाराने नक्की काय पाहायचं, आणि कधी लिहायचं. बदल तिथेच केला.

साक्षीदार अँप्युल फोडतानाच शेजारी असतो. लेबलवरचं नाव, ताकद आणि मुदत तो स्वतः वाचतो. आधी छोट्या सिरिंजने नेमकं १ मिली मोजून घेतलं जातं, मग पातळ केलं जातं. अँप्युलच्या तळाशी राहिलेलं द्रव रिकाम्या अँप्युलमध्ये तसंच सोडलं जात नाही, ते उरलेल्या औषधात मोजून टाकलं जातं. अशाने ते जास्तीचे दीड मिलिग्रॅमही हिशेबाबाहेर राहत नाहीत. सिरिंजवर लगेच लेबल लागतं: औषध, एका मिलीत किती, रुग्ण, वेळ. लेबलवर आणि रजिस्टरमध्ये आकडे इंग्रजीच. आमच्या वॉर्डात मराठी, कन्नड दोन्ही हात लिहितात. घाईत लिहिलेला मराठी १ दुसऱ्याला इंग्रजी नऊसारखा आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसू शकतो. नावं कुणी कुठल्याही लिपीत लिहावीत, आकड्यांमध्ये मात्र हा धोका नको.

डोस देऊन झाला की दोघं मिळून टाकायला बसतात, आणि इथली एक पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सिरिंज साक्षीदाराच्या हातात दिली जाते आणि तो आधी आपला आकडा बोलतो, "अकरा". देणारी सिस्टर त्यापूर्वी काहीही सांगत नाही. मग चार्टवरचा दिलेला डोस उघडून वजाबाकी होते. पंधरातून चार, अकरा. आकडा आधी ऐकला तर डोळ्यांना तोच दिसतो, म्हणून हा क्रम. जुळलं नाही तर तिथेच थांबून इनचार्जना बोलवायचं. तोवर सिरिंज कपाटात.

द्रव सिंकमध्ये जात नाही. हात धुण्याचा द्रव साबण ओतलेल्या गॉझवर ते दोघांसमोर सोडलं जातं आणि गॉझ बंद पुडीतून पिवळ्या पिशवीत जातो, जी रुग्णालयांच्या कचऱ्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जाळायला जाते. सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, आणि रिकामी अँप्युल मोजून फार्मसीत. तिथून ती काचेच्या निळ्या खोक्यात जाते.

रजिस्टरची ओळ आता दोन वेळा भरली जाते. कपाट उघडताना फक्त अँप्युल, रुग्ण, वेळ आणि शिल्लक. दिलेलं, टाकलेलं, टाकण्याची वेळ आणि साक्षीदाराची सही हे चारही रकाने टाकून झाल्यावरच, टाकलेल्याचा आकडा साक्षीदाराच्या हस्ताक्षरात. रकाने तेच आहेत, छापखान्यात नवं रजिस्टर करायला द्यावं लागलं नाही. १० आणि १५ मिलिग्रॅमच्या अँप्युलना वेगळी पानं केली, आणि छोट्या डोससाठी १० चीच फोडायची असं ठरलं. मामांच्या वेळी ती असती तर टाकायला अकराऐवजी सहाच मिलिग्रॅम उरलं असतं.

रात्री साक्षीदार कोण, यावर सगळ्यात जास्त वाद झाला. वॉर्डात एकच सिस्टर असते. आया, वॉर्डबॉय, शिकाऊ विद्यार्थिनी आणि नातेवाईक साक्षीदार होऊ शकत नाहीत, हे लगेच ठरलं. ड्यूटी डॉक्टर किंवा शेजारच्या वॉर्डातली नोंदणीकृत परिचारिका. दोघंही लगेच येऊ शकत नसतील, त्या रात्रीसारखी रक्ताची उलटी चालू असेल, तर सिरिंज लेबलसह, टोकाला टोपी लावून, "टाकण्यासाठी, देऊ नये" असं लिहून त्याच दुहेरी कुलपात ठेवायची आणि साक्षीदार आल्यावर टाकायची. काहींना वाटलं की भरलेली सिरिंज कपाटात ठेवणं धोक्याचं आहे. तो धोका खरा आहे, म्हणून ती ओव्हर होण्याआधी टाकलीच पाहिजे आणि पुढच्या डोससाठी कधीच वापरायची नाही. पण कुलपात असलेली सिरिंज नंतर मोजता येते. सिंकमध्ये गेलेलं औषध मोजता येत नाही.

फोनवर किती दिलं असं डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर ड्रग चार्टवरूनच द्यायचं, रजिस्टरवरून कधीच नाही. चार्ट सापडत नसेल तर "चार्ट शोधून दोन मिनिटांत सांगते" असं म्हणायला कुणी संकोचू नये, हे डॉक्टरांनीच बैठकीत सांगितलं.

पुढच्या पडताळण्यांत रजिस्टर पहिल्याइतकं नीटनेटकं दिसत नाही. एकाच ओळीत दोन शाया, दोन वेळा, मधेच एखादी रेघ मारलेली दुरुस्ती. एका रात्री साक्षीदाराने ७ पाहिलं आणि चार्टवरून ८ निघत होतं. दोघींनी तेव्हाच इनचार्जना उठवलं. पातळ करताना सलाईन एक मिली कमी घेतलं गेलं होतं, म्हणजे प्रत्येक मिलीत ठरल्यापेक्षा थोडं जास्त मॉर्फिन होतं. चार्टवर तसं लिहून त्या रुग्णाचा श्वास आणि गुंगी पुढचे दोन तास पंधरा-पंधरा मिनिटांनी पाहिली गेली. आधीच्या पद्धतीत ही चूक बेरजेत विरघळून गेली असती.